राहूची गाठ आणि माणसांची गाठ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी गणिताचे होते. म्हणून आजचा विषय जरी ग्रहांचा असला, तरी त्याचा हिशेब मी फळ्यावर मांडावा तसा मांडणार आहे. विषय असा: दोन माणसांच्या कुंडल्या शेजारी ठेवायच्या, एकाचा राहू दुसऱ्याच्या कुठल्या ग्रहावर पडतो ते बघायचं, आणि तो पडला तर म्हणायचं की ही भेट ठरलेली होती, मागच्या जन्मीचं काही देणं फिटायचं होतं. तुमच्या घरातल्या तरुण मुलांनी हे मोबाईलवर वाचलेलं असतं. सोयरीक बघताना आता काही ठिकाणी गुण, नाडी, मंगळ यांच्या जोडीला ‘तिचा चंद्र याच्या राहूवर आहे’ हेही ऐकू येतं. हे खरं का? खरं असेल तर किती? आणि ते ओळखायचं कसं? एवढ्या तीनच प्रश्नांभोवती मी फिरणार आहे.

आधी राहू म्हणजे काय ते नीट बघू. राहू हा ग्रह नाही. दुर्बीण लावून राहू दिसत नाही, कारण तिथं काहीच नाही. सूर्य आकाशात ज्या वाटेनं फिरताना दिसतो, ती एक वाट. चंद्राची वाट तिच्याशी सुमारे पाच अंशांनी कललेली. दोन वाटा दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात. चंद्र जिथून दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडतो तो राहू, आणि त्याच्या बरोबर समोरचा तो केतू. सूर्य आणि चंद्र या बिंदूंजवळ आले की ग्रहण लागतं. आपल्या पूर्वजांनी राहू-केतूची कथा ग्रहणाला जोडली ती या निरीक्षणातूनच. हे दोन बिंदू उलट्या दिशेनं सरकतात, दिवसाला साधारण तीन कला, म्हणजे वर्षाला एकोणीस अंशांहून थोडे जास्त. एक पूर्ण फेरी होते १८ वर्षं ७ महिन्यांत. हे १८ वर्षं ७ महिने लक्षात ठेवा. पुढचा अर्धा हिशेब त्यावरच उभा आहे.

आता दोन कुंडल्या जुळवण्याची कृती. पहिल्या माणसाच्या राहूची रास आणि अंश लिहून घ्यायचे. दुसऱ्या माणसाचे ग्रह आणि लग्न बघायचे. त्यातलं काही त्या अंशाच्या जवळ आलं तर संपर्क झाला. मग तेच उलट करायचं: दुसऱ्याचा राहू, पहिल्याचे ग्रह. केतूसाठीही हेच. जवळ म्हणजे किती, तर कोणी तीन अंश धरतो, कोणी पाच, कोणी आठ. आपल्याकडचे बरेच ज्योतिषी अंश न बघता सबंध रास धरतात. अर्थ असे सांगितले जातात: तिचा चंद्र त्याच्या राहूवर, तर पहिल्याच भेटीत ओढ. शुक्र असेल तर प्रेम. शनी असेल तर जबाबदारीनं बांधलेलं, सहज न सुटणारं नातं. केतूवर असेल तर ‘या माणसाला कधीतरी आधी भेटलोय’ अशी जुनी ओळख. राहू म्हणजे पुढची वाट, केतू म्हणजे मागची शिदोरी.

इथं माझा पहिला मुद्दा. ही मांडणी आपल्या आजोबांची आहे का?

नाही. लग्न ठरवताना आपल्याकडे जे छत्तीस गुण बघतात, त्यात आठ कूटं आहेत: वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशीकूट आणि नाडी. आठही चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून निघतात. एकातही राहू नाही. राहू आपल्याकडे येतो तो पापग्रह म्हणून. चंद्राबरोबर असला तर ग्रहणयोग, गुरूबरोबर असला तर गुरुचांडाळ योग, आणि मग शांती. राहूचं नाव ऐकून आपल्या आजीनं पदर सावरला असता, कोणाला ‘तुझी जन्माची गाठ पडली गं’ असं म्हणाली नसती.

मग हा गोड राहू आला कुठून? तो आला पश्चिमेकडून, आणि गंमत अशी की तिकडे तो गेला होता आपल्याच घरातून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थिऑसॉफीवाल्यांनी कर्म आणि पुनर्जन्म या आपल्या कल्पना युरोप-अमेरिकेत नेल्या. १८८२ साली त्यांचं मुख्य ठाणं मद्रासजवळ अड्यारला आलं. लंडनचा ॲलन लिओ हा त्याच मंडळीतला ज्योतिषी. त्यानं कुंडलीत कर्म आणून बसवलं. १९३६ साली डेन रुड्यारनं व्यक्तिमत्त्वाच्या ज्योतिषावर मोठा ग्रंथ लिहिला आणि राहू-केतूच्या रेषेला माणसाच्या नियतीची रेषा मानलं. १९७५ साली मार्टिन शुलमन या अमेरिकन लेखकाचं राहू-केतू आणि पुनर्जन्म यावरचं पुस्तक आलं आणि ही कल्पना घरोघरी गेली. आज ती मोबाईलवरून कोल्हापूर जिल्ह्यात परत आली आहे. कर्म आपलं, बिंदू आपला, पण दोघांची ही जोडणी विसाव्या शतकातली, परदेशी. परदेशी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. पण कोणी ‘हे आपलं प्राचीन शास्त्र’ असं सांगितलं, तर त्याला आठ कूटं मोजून दाखवा.

आणि एक विसंगती तर डोळ्यांत भरते. एका मुलीचा चंद्र मुलाच्या राहूवर आहे. एक ज्योतिषी सांगतो ग्रहणदोष, दुसरा सांगतो जन्मोजन्मीची ओढ. आकाश एकच, अंश एकच. एक सोयरीक मोडतो, दुसरा जमवतो. दोघंही दक्षिणा घेतात. ग्रहांना यातलं कोणतं अभिप्रेत आहे हे कोण ठरवणार?

आता दुसरा मुद्दा, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा. बोलायचं तर एक खरी जोडी समोर ठेवून बोलू. मी जोडी निवडली आहे ती नवराबायकोची नाही. ठरलेल्या भेटी काय फक्त लग्नातच होतात? मैत्रीतही होतात, आणि महाराष्ट्राच्या इतिहासात जिला नियतीची गाठ म्हणावी अशी एक मैत्री आहे: गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरीचा. नऊ दिवसांचं अंतर. एक गरीब घरचा, दुसऱ्याचे वडील शाळाखात्यातले. दोघांची गाठ पडली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. टिळक १८७९ साली कायद्याची परीक्षा पास झाले, आगरकर तेव्हा एम.ए.च्या तयारीत होते. सरकारी नोकरी करायची नाही, देशातल्या मुलांना शिकवायचं, असं दोघांनी ठरवलं. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. पुढच्याच जानेवारीत केसरी आणि मराठा सुरू झाले. केसरीचे संपादक आगरकर, मराठाचे टिळक.

आणि मग आपलं कोल्हापूर. इथले छत्रपती शिवाजी महाराज, चौथे, यांचा छळ होतो आहे, आणि त्याला कारभारी माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असा मजकूर या दोन वृत्तपत्रांनी छापला. ज्या पत्रांवर विसंबून तो छापला ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघं एकत्र राहिले आणि २६ ऑक्टोबरला सुटले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिलं. तिथं रात्र-रात्र दोघांचे वाद चालत. आधी काय, स्वराज्य की समाजसुधारणा? हा वाद तुरुंगाबाहेर आला आणि वाढत गेला. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला, १८८८ साली सुधारक काढला. १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १७ जून १८९५ ला आगरकर गेले, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आणि केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी.

भेट, एकत्र स्वप्न, एकत्र तुरुंग, ताटातूट, मृत्युलेख. नियतीची भेट म्हणतात ती आणखी वेगळी काय असते?

चला, आता कुंडल्या मांडू. सरकारी पंचांगात चालतो तो चित्रापक्षाचा अयनांश धरला, तर आगरकरांचा राहू येतो मीन राशीच्या सुमारे अठ्ठाविसाव्या अंशावर, आणि टिळकांचा साडेसत्तावीस अंशांच्या जवळपास. मधलं अंतर अर्ध्या अंशाचं. राहूवर राहू! नावं झाकून या दोन कुंडल्या ठेवल्या, तर कुंडली बघणारा माणूस म्हणेल की या दोघांचा रस्ता एकच लिहिलेला आहे. सभागृहात आत्ता ज्यांच्या अंगावर शहारा आला असेल, त्यांनी तो जरा धरून ठेवावा. कारण पुढचा हिशेब असा आहे.

राहू दिवसाला तीन कला सरकतो. तीन अंश सरकायला त्याला साधारण छप्पन्न दिवस लागतात. म्हणजे माझ्या जन्माच्या आधी छप्पन्न दिवस आणि नंतर छप्पन्न दिवस, या जवळजवळ पावणेचार महिन्यांत जन्मलेल्या पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाचा राहू माझ्या राहूवर आहे. शाळेतल्या एका वर्गात बसा: सरासरी चारातल्या एका मुलाशी तुमची ही नियतीची गाठ असणारच. राहूवर राहू हा संपर्क नियती सांगत नाही, तो वय सांगतो. नऊ-सव्वानऊ वर्षांचं अंतर असलेल्या जोडप्यात एकाचा राहू दुसऱ्याच्या केतूवर येतो. साडेअठरा वर्षांच्या अंतरानं पुन्हा राहूवर राहू. तेही वयच.

बरं, टिळक-आगरकरांच्या जन्माच्या आसपास आणखी कोण जन्मलं? १० जुलै १८५६ ला निकोला टेस्ला, विजेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची यंत्रं बनवणारा. २६ जुलै १८५६ ला नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ. चौघांचे राहू एका अंशात बसतात. आगरकर आणि टेस्ला यांच्या राहूत तर पाव अंशाचंही अंतर नाही, टिळकांपेक्षाही जवळ. आणि आगरकर टेस्लाला कधी भेटले? कधीच नाही. एकाच राहूखाली जन्मलेल्या लाखो माणसांपैकी आगरकरांना टिळक भेटले ते का? कारण दोघं मराठी होते, दोघं शिकत होते, पदवीपर्यंत पोचणारी मुलं तेव्हा मूठभर होती, आणि ती मूठभर मुलं पुण्यात एका कॉलेजात येत होती. गाठ घातली ती डेक्कन कॉलेजानं. राहू एकच होता म्हणून ते एका वयाचे होते, आणि एका वयाचे होते म्हणून एका वेळी कॉलेजात होते, एवढं फार तर राहूच्या पदरात टाकता येईल. आणि तेवढं सांगायला पंचांग कशाला, शाळेचा दाखला पुरे.

कोणी म्हणेल, राहूवर राहू सोडा हो, तो सगळ्यांचाच. चंद्राचं बघा, चंद्र भराभर चालतो, तो वैयक्तिक. अगदी रास्त. बघू.

टिळकांचा जन्म आषाढ वद्य षष्ठीचा. सूर्योदयाच्या सुमारास त्यांचा चंद्र मीन राशीच्या सतराव्या अंशाच्या आसपास होता. आगरकरांचा राहू मीनेच्या अठ्ठाविसाव्या अंशाजवळ. जे रास बघतात ते म्हणतील, एकाच राशीत आहेत, संपर्क आहे. जे तीन किंवा पाच अंश धरतात ते म्हणतील, दहा अंशांचं अंतर आहे, संपर्क नाही. आता त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या जवळ होता, म्हणून वेगानं चालला होता, दिवसाला चौदा अंशांच्या वर. म्हणजे टिळक सकाळी न जन्मता त्याच दिवशी संध्याकाळी सात-आठला जन्मले असते, तर चंद्र आगरकरांच्या राहूच्या तीन अंशांत आला असता. जन्मवेळ बारा तासांनी हलली की नियती हजर, नाहीतर गैरहजर. जुन्या पिढीत जन्मवेळ काय असायची हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘गुरं सुटायच्या वेळेला’, ‘कंदील लावल्यावर’. त्यावर अंशाचा हिशेब कसा करणार?

आणि याहून मोठा अडथळा पुढे आहे. राशी मोजायच्या कुठून? याच प्रश्नावर एके काळी महाराष्ट्रात भांडणं झाली. केरो लक्ष्मण छत्र्यांनी रेवती नक्षत्रातल्या एका तारकेपासून मोजायचं ठरवलं आणि त्यावर पंचांग काढलं. छत्रे हे डेक्कन कॉलेजात टिळकांचे गणिताचे गुरू. टिळकांनी त्याच पक्षाचा पुढे पुरस्कार केला, आणि ते पंचांग टिळक पंचांग म्हणून ओळखलं गेलं. घाट उतरून तिलारीकडून खाली कोकणात गेलात तर ते मानणारी घरं आजही भेटतील. इतर बहुतेकांचं पंचांग चित्रा नक्षत्रावरून चालतं. १९५५ साली मेघनाद साहा समितीनंही चित्राच घेतली. या दोन मोजण्यांत फरक आहे सुमारे चार अंशांचा.

चार अंश म्हणजे काय झालं? चित्रापक्षानं टिळक-आगरकरांचे दोन्ही राहू मीन राशीच्या शेवटी येतात. टिळक पंचांगाच्या हिशेबानं ते सरकून मेष राशीच्या पहिल्या-दुसऱ्या अंशावर जातात. टिळकांचा चंद्र मात्र दोन्ही हिशेबांत मीनेतच राहतो. म्हणजे रास धरून बघणाऱ्याला चित्रापक्षानं संपर्क दिसतो, आणि खुद्द टिळकांच्या पंचांगानं तो मोडतो! ज्या पंचांगासाठी टिळक भांडले, ते पंचांग म्हणतं की आगरकरांच्या राहूशी टिळकांच्या चंद्राचा राशीनं काही संबंध नाही. पश्चिमेकडची मंडळी वसंतसंपातापासून मोजतात. त्यांच्या हिशेबानं राहू मेषेच्या विसाव्या अंशाजवळ आणि चंद्रही मेषेतच. म्हणजे तिसऱ्या मोजणीनं संपर्क परत आला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अंशांचं अंतर मात्र कोणत्याही मोजणीनं बदलत नाही. शून्य कुठंही धरा, सतरा आणि अठ्ठावीस यांत दहा-अकरा अंशच राहतात. म्हणून कोणाला ही पद्धत वापरायचीच असेल, तर निदान अंश बघावा. राशीवरून नियती सांगणारा माणूस कोणत्या पंचांगाची नियती सांगतो आहे, ते आधी विचारावं.

आता तिसरा मुद्दा. समजा अंशच बघितले, जन्मवेळ पक्की दवाखान्यातली, पंचांग एकच. मग तरी संपर्क सापडला म्हणजे काही विशेष सापडलं का? हे कसं कळणार? एकच मार्ग आहे. कोणतीही दोन अनोळखी माणसं घेतली, तर त्यांच्यात असा संपर्क किती वेळा सापडतो, ते मोजायचं.

मोजू या. राहू किंवा केतू, दोन बिंदू. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अंश. म्हणजे ३६० अंशांपैकी बारा अंश. एखादा ग्रह त्यात पडायची शक्यता तिसांत एक. फार थोडी वाटते, नाही? थांबा. बघायचे ग्रह किती? सूर्य ते शनी सात, आणि लग्न आठवं. आणि दोन्ही बाजूंनी बघायचं, त्याचे तिच्यावर आणि तिचे त्याच्यावर. म्हणजे सोळा वेळा नशीब आजमावायचं. सोळांपैकी निदान एकदा तरी जुळण्याची शक्यता येते शंभरांत बेचाळीस. पाच अंशांची सूट घेतली की शंभरांत साठ. आणि सबंध रास धरली की शंभरांत पंचाण्णव. बुध आणि शुक्र सूर्यापासून फार दूर जात नाहीत, म्हणून हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलणार नाही. अजून मी राहूवर राहू धरलेलाच नाही, केंद्र-त्रिकोण दृष्ट्या धरलेल्या नाहीत, युरेनस, नेपच्यून, प्लूटो धरलेले नाहीत. ते धरले तर संपर्क नसलेली जोडी शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल.

चाळणीची भोकं एवढी मोठी ठेवली की सगळेच दाणे खाली पडतात. मग खाली पडलेला दाणा निवडक होता असं कसं म्हणायचं?

आणि ही चाळण कधी लावतात तेही बघा. भेट झाल्यावर. आधी माणूस भेटतो, मन जडतं किंवा मोडतं, आणि मग कुंडली उघडली जाते. तेव्हा चंद्र जुळला तर चंद्र, नाही तर शुक्र, नाही तर शनी, तोही नाही तर ‘एक अंशानं हुकलाय, पण धरू’. शोधणाऱ्याला काहीतरी सापडतंच. जे भेटलेच नाहीत त्यांच्या कुंडल्या कोण उघडतो? माझा ज्यांच्या-ज्यांच्याशी राहूचा अचूक योग आहे अशी हजारो बाया-माणसं बेळगावच्या बाजारात माझ्या शेजारून गेली असतील. त्यांना मी नमस्कारही केला नाही.

मग कोणी खरी परीक्षा घेतली का? राहूच्या संपर्काची नाही, पण कुंडलीच्या मूळ दाव्याची एक परीक्षा आपल्याच महाराष्ट्रात झाली आणि ती घेणारा माणूस कोल्हापुरात जन्मलेला. डॉ. जयंत नारळीकर. २००८ साली त्यांनी, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर दोनशे मुलांच्या जन्मकुंडल्या घेतल्या. शंभर मुलं हुशार, शंभर मतिमंद. नावं झाकली. ज्योतिष्यांना चाळीस-चाळीस कुंडल्या दिल्या आणि विचारलं, कोणती कुणाची? सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ती सरासरी शंभरांत शेहेचाळीस. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. या परीक्षेतलं शिकण्यासारखं काय, तर नावं झाकणं. आगरकर आणि टिळक ही नावं माहीत झाल्यावर त्यांच्या कुंडल्यांत कोणीही नियती दाखवेल. नावं झाकून वीस जोड्या द्या, त्यांतल्या दहा लग्नाला तीस वर्षं झालेल्या आणि दहा कधीच न भेटलेल्या, वयाचं अंतर दोन्हीकडे सारखं ठेवून. मग राहू बघून वेगळ्या काढा म्हणावं. वयाचं अंतर सारखं ठेवणं विसरू नका, नाहीतर राहू पुन्हा वय सांगेल आणि आपण त्याला नियती समजू.

हे ऐकून मनात कोणी म्हणत असेल: अहो, पण मला ते जाणवलं होतं. पहिल्या भेटीतच वाटलं होतं की हे माणूस आपलं. ते खोटं का? ते खोटं नाही, मित्रहो. जाणवणं खरं असतं. आपण त्याला ऋणानुबंध म्हणतो आणि म्हणत राहू. पण जाणवणं ही मनाची साक्ष झाली, आकाशाची नाही. आणि या साक्षीतून दोन धोके निघतात, ते मी तालुक्यातालुक्यांतून ऐकतो आहे. पहिला: मारहाण सोसत राहिलेली बाई. तिला सांगितलं जातं, हे मागच्या जन्मीचं देणं आहे, तुझा शनी याच्या राहूवर आहे, फेडून टाक. दुसरा: मनासारखं स्थळ, दोन्ही घरं राजी, आणि ग्रहणदोष म्हणून मोडलेली सोयरीक. एकाच बिंदूच्या नावानं एकीला अडकवलं, दुसरीला अडवलं.

टिळक-आगरकरांकडे पुन्हा बघा. त्यांनी एकमेकांचं जे देणं होतं ते फेडलं ते काम करून, भांडून, तुरुंगात शेजारी झोपून, आणि शेवटी प्रामाणिक मृत्युलेख लिहून. आगरकरांसारख्या माणसाला, ज्याची जिवंतपणी लोकांनी प्रेतयात्रा काढली आणि तरी ज्यानं लिहिणं सोडलं नाही, त्याला कोणी म्हणालं असतं की तुमची आणि बळवंतरावांची गाठ राहूनं घातली, तर त्यानं आधी विचारलं असतं, पुरावा काय? पुरावा आपण आत्ताच तपासला. तो टेस्लालाही तितकाच लागू पडतो.

थोडक्यात सांगायचं तर तीन गोष्टी. राहूच्या संपर्काला प्राचीन म्हणू नका. ही जोडणी विसाव्या शतकातली आहे आणि आपल्या छत्तीस गुणांत राहू नाही. राहूवर राहू म्हणजे समवयस्क, बाकी काही नाही; आणि राशीवरून सांगितलेला संपर्क पंचांग बदललं की बदलतो. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: कोणत्याही दोन माणसांत हा संपर्क इतक्या सहज सापडतो, की सापडला म्हणून त्याला काही किंमत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. घरात सोयरीक चालू असेल आणि कोणी राहूचं नाव काढलं, तर त्याला चार प्रश्न विचारा: किती अंश धरले, कोणत्या पंचांगानं, जन्मवेळ कुठून आणली, आणि असा संपर्क नसलेल्या किती जोड्या तुम्ही पाहिल्या आहेत? चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा मिळणार नाही. मग कुंडली मिटा, आणि मुलगा-मुलीला समोरासमोर बसवून त्यांचं शिक्षण, कर्ज, आजार आणि स्वभाव यांबद्दल मोकळेपणानं बोलू द्या. त्यांची गाठ पडायची असेल तर तिथंच पडेल.